धागा: थिसिसमधल्या 'लिमिटेशन्स' – खरं लिहायचं, पण अभ्यासाची हवा न काढता. कसं?

तिसरं_वर्ष

पीएसएमचा, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राचा थिसिस पेपर म्हणून पाठवला होता, तो परत आलाय. रिव्ह्यूअरचा मुख्य आक्षेप एकाच परिच्छेदावर आहे: "मर्यादा ठोकळेबाज आहेत, त्यांचा निष्कर्षांवर काय परिणाम होतो ते कळत नाही." गाइड म्हणतात, "जास्त लिहू नकोस, आपणच आपल्या पायावर धोंडा का मारायचा?" मी दोघांच्या मध्ये अडकले आहे.

विषय: मोठ्या रुग्णालयाच्या एएनसी ओपीडीत येणाऱ्या गरोदर स्त्रियांमधला अ‍ॅनिमिया आणि लोहाच्या गोळ्यांचं नियमित सेवन. एकदाच गाठून केलेला, क्रॉस-सेक्शनल अभ्यास. 14 आठवड्यांच्या पुढच्याच बायका घेतल्या. एचबी बोटातून रक्त घेऊन डिजिटल मीटरवर मोजलं, गोळ्यांचं तोंडी विचारलं. आकडे ओळख लपवायला बदलले आहेत, चित्र तेच आहे:

440 जणींना विचारलं, 56 जणींनी बोट टोचायला नकार दिला, उरल्या 384. त्यातल्या 207 जणींचं एचबी 11 च्या खाली, म्हणजे 53.9 टक्के. नियमित गोळ्या घेणाऱ्या 210 पैकी 97 अ‍ॅनिमिक (46 टक्के), अनियमित 174 पैकी 110 (63 टक्के).

आणि हा माझा परिच्छेद. मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठी करून देते:

"सदर अभ्यास एकाच केंद्रात झाला. नमुना संख्या लहान होती. माहिती स्मरणावर आधारित असल्याने स्मरणदोष असू शकतो. क्रॉस-सेक्शनल रचनेमुळे कार्यकारणभाव सिद्ध करता येत नाही. मोठ्या, बहुकेंद्री अभ्यासांची गरज आहे."

यात चूक काय आहे?

गुरुजी_लातूरकर

ताई, मर्यादा पहिल्या प्रकरणात असतात. 'संशोधनाची व्याप्ती, मर्यादा व परिमर्यादा' असं शीर्षक द्यायचं आणि तिथे लिहायचं: प्रस्तुत संशोधन अमुक जिल्ह्यापुरतं, अमुक वयोगटापुरतं, अमुक शैक्षणिक वर्षापुरतं मर्यादित आहे. एम.एड.ला सगळे असंच लिहितात. रिव्ह्यूअरला एवढं काय खटकलं ते समजलं नाही.

आकडेमोड

गुरुजी, तुम्ही सांगताय त्या परिमर्यादा. त्या आपण आधी, ठरवून घातलेल्या कुंपणाच्या. "14 आठवड्यांच्या पुढच्याच बायका" हे कुंपण आहे, कारण गोळ्या पहिली तिमाही संपल्यावर सुरू होतात. ज्यांना गोळी दिलीच नाही त्यांना अनियमित म्हणण्यात अर्थ नाही. हा निर्णय पद्धतीच्या विभागात कारणासकट जातो. त्याबद्दल खंत व्यक्त करायची नसते. इथे चर्चा आहे ती आपल्याला नको असताना झालेल्या गोष्टींची: 56 जणींनी नकार देणं, गोळ्यांची खात्री करता न येणं, मीटरची चूक.

आता ताईंच्या परिच्छेदाबद्दल. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही, अडचण निराळीच आहे. हाच परिच्छेद उचलून मधुमेहाच्या किंवा मोतीबिंदूच्या पेपरला चिकटवला तरी एक शब्द बदलावा लागणार नाही. रिव्ह्यूअर 'ठोकळेबाज' म्हणतो तो याला. अशा अभ्यासांच्या लेखनासाठी 2007 साली आलेली स्ट्रोब यादी बघा. तिचा 19 वा मुद्दा मर्यादांचा आहे. दोष कोणता एवढ्यावर तो थांबत नाही, दोष आकड्याला कुठल्या दिशेला आणि किती ढकलतो तेही सांगा म्हणतो. तुमच्या पाच वाक्यांत दिशा एकदाही आलेली नाही.

दिशा लिहिली की गाइडांची भीतीही बरीच कमी होते. "स्मरणदोष असू शकतो" एवढंच वाचलं तर वाचक सगळ्यात वाईट शक्यता धरून चालतो. "या दोषामुळे फरक आहे त्यापेक्षा कमी दिसला असण्याची शक्यता जास्त" असं कारणासकट लिहिलं तर तो तेवढंच धरतो.

निशिगंध

"नमुना संख्या लहान होती" हे आधी काढा. 384 कुठून आले?

तिसरं_वर्ष

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, एनएफएचएस-5 मध्ये, भारतातल्या गरोदर स्त्रियांमधलं प्रमाण 52.2 टक्के आहे. ते धरलं, अचूकता 5 टक्के, 1.96 चा वर्ग, सूत्राने 384 आले.

निशिगंध

मग लहान कुठे? सूत्राने मागितले तितके घेतले. 53.9 ची 95 टक्के विश्वासमर्यादा 49 ते 59 येते, म्हणजे ठरवलेली 5 टक्के अचूकता मिळाली. स्वतःच काढलेली संख्या पद्धतीत बरोबर म्हणायची आणि तीन पानांनंतर लहान म्हणायची, हे एकाच पेपरमध्ये कसं चालेल? रिव्ह्यूअर लगेच विचारतो, मग जास्त का नाही घेतले?

लहान असेल तर एखादा उपगट असेल. विशीच्या आतल्या किती होत्या?

तिसरं_वर्ष

22. त्यातल्या 14 अ‍ॅनिमिक, 63.6 टक्के. निष्कर्षात "किशोरवयीन मातांमध्ये प्रमाण सर्वाधिक" असं लिहिलंय.

निशिगंध

ती खरी मर्यादा, आणि ती लपून राहिली आहे. 22 मध्ये 14 ची विश्वासमर्यादा साधारण 43 ते 80 टक्के येते. खालचं टोक तुमच्या एकूण 53.9 च्याही बरंच खाली आहे. 'सर्वाधिक' हा शब्द निष्कर्षातून आणि सारांशातून काढा. तक्त्यात आकडा विश्वासमर्यादेसकट राहू द्या, आणि मर्यादांमध्ये एकच वाक्य: विशीच्या आतल्या फक्त 22 होत्या, त्यांचं प्रमाण या अभ्यासातून ठरवता येत नाही.

पॉवरहाऊस

मी तर म्हणतो पॉवर काढून टाका. मिळालेल्या आकड्यांवरून पोस्ट-हॉक पॉवर 80 टक्क्यांच्या वर आली की लिहायचं, संख्या पुरेशी होती. आमच्याकडे सगळे तेच करतात.

आकडेमोड

मिळालेल्या निकालावरून काढलेली पॉवर म्हणजे पी-व्हॅल्यूच दुसऱ्या वेषात. पी लहान असेल तर ती मोठी येणारच. तिच्यातून नवीन काही कळत नाही, आणि जाणकार रिव्ह्यूअर त्यावरच बोट ठेवतो. अनिश्चितता विश्वासमर्यादेच्या रुंदीत दिसतेच आहे, तीच दाखवा.

पॉवरहाऊस

बरं. पण स्मरणदोषाचं सोपं आहे ना? चुकीचं वर्गीकरण झालं की फरक नेहमी शून्याकडे झुकतो. एवढं लिहिलं की काम झालं, खरा फरक जास्तच असणार.

आकडेमोड

अर्धं बरोबर. 'नेहमी' चुकलं. दोन्ही गटांत, म्हणजे अ‍ॅनिमिक आणि इतर बायकांत, चुकीचं सांगण्याचं प्रमाण सारखं असेल आणि सेवनाचे गट नियमित-अनियमित असे दोनच असतील, तर सरासरीने फरक कमी दिसतो. इथे ते सारखं आहे का, हे आधी बघायला हवं. ताई, गोळ्यांचं कधी विचारलं, एचबी कळायच्या आधी की नंतर? आणि कोणी विचारलं?

तिसरं_वर्ष

आधी. मी स्वतः विचारलं, ओपीडीच्या टेबलाशेजारी. रिकाम्या पट्ट्या मोजल्या नाहीत. पण बऱ्याच जणींना जुनं एचबी माहीत असतं, कार्डावर लिहिलेलं असतं.

आकडेमोड

"आधी" हा शब्द पद्धतीत आहे का बघा, नसेल तर घाला. त्या एका शब्दाने मर्यादा निम्मी हलकी होते, कारण त्या दिवशीच्या एचबीचा उत्तरावर परिणाम झाला नाही असं ठामपणे म्हणता येतं.

राहिलं जुनं एचबी. मागच्या वेळी कमी निघालेली बाई डॉक्टरसमोर "नाही घेत" म्हणायला कचरते. म्हणजे न घेणाऱ्या काही अ‍ॅनिमिक बायका तुमच्या 'नियमित' गटात शिरल्या. त्याने 46 टक्के हा आकडा फुगतो आणि 46 व 63 मधलं अंतर आकसतं. तेव्हा या दोषाची दिशा बहुधा फरक कमी दाखवण्याकडेच आहे. पण ती या विशिष्ट कारणाने, नेहमीच्या नियमाने नव्हे. लिहिताना कारण लिहा, नियम सांगू नका.

रानवारा

मी एएनसीच्या बाजूने बोलते. इथे सगळ्यांच्या नजरेतून मोठी गोष्ट सुटली आहे. एचबी कमी निघालं की गोळी एकाची दोन होते. अ‍ॅनिमियामुक्त भारतच्या पद्धतीत साधी मात्रा रोज एक गोळी, 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिडची, 180 दिवस. अ‍ॅनिमिया असेल तर दिवसाला दोन. शिवाय अशा बाईच्या मागे आशाताई लागलेली असते, ती गोळ्या चुकवू देत नाही.

म्हणजे अ‍ॅनिमिया आहे म्हणून ती नियमित झाली. तुमच्या तक्त्यात ती 'नियमित पण अ‍ॅनिमिक' दिसते. "कार्यकारणभाव सिद्ध करता येत नाही" या गुळगुळीत वाक्याखाली नेमकं हे दडलंय. ते वाक्य वाचून कोणालाही हे कळणार नाही.

तिसरं_वर्ष

अरे देवा. दोन गोळ्यांवर किती होत्या ते माझ्याकडे आहे. 90 जणी. बघून सांगते.

मुलाखतवाली

मध्येच विचारते, माफ करा. माझा विषय शिक्षणशास्त्र, जिल्हा परिषदेच्या 12 शिक्षकांच्या सखोल मुलाखती. मीही "नमुना लहान" काढू का? मार्गदर्शक म्हणतात ते हवंच.

निशिगंध

मुलाखतींच्या अभ्यासात 12 हा आकडा आपोआप मर्यादा ठरत नाही, तिथे तुम्ही टक्केवारी काढतच नाही. हे 12 कोण आणि कोणाच्या ओळखीने आले, हे जास्त महत्त्वाचं. केंद्रप्रमुखांनी नावं सुचवली असतील तर नाराज शिक्षक यादीत आलेच नसतील, मग कामाच्या ओझ्याबद्दलच्या तक्रारी तुमच्या निष्कर्षात सौम्य दिसतील. तसं झालं असेल तर ते लिहा. संख्या सोडा.

मुलाखतवाली

यादी केंद्रप्रमुखांचीच होती. आता बसते लिहायला.

तिसरं_वर्ष

केलं. दोन गोळ्यांवरच्या 90 जणी वगळल्या, उरल्या 294. नियमित 150 पैकी 54 अ‍ॅनिमिक, 36 टक्के. अनियमित 144 पैकी 81, 56 टक्के. आधी फरक 17 टक्क्यांचा होता, आता 20 चा. म्हणजे फरक टिकला, उलट वाढला. हेच मुख्य निकाल म्हणून देऊ का?

रानवारा

द्या की. हेच खरं चित्र आहे.

आकडेमोड

मी नाही देणार. त्या 90 जणी वगळताना तुम्ही आधी अ‍ॅनिमिक निघालेल्या बायका वगळल्या. म्हणजे ज्या गोष्टीचा अभ्यास, तिच्याच जुन्या रूपावरून निवड केली. त्यातून वेगळा दोष येऊ शकतो. मुख्य निकाल सायनॉप्सिसमध्ये ठरवला होता तोच, 384 चा. 294 चा हिशेब सेन्सिटिव्हिटी अ‍ॅनालिसिस म्हणून खाली द्या, आणि तो निकाल पाहिल्यानंतर केला हेही लिहा.

रानवारा

मला हे पटत नाही. ज्या आकड्यात उपचार आणि कारण यांची सरमिसळ आहे हे आपल्याला माहीत आहे, तो मुख्य म्हणून छापायचा आणि बरा आकडा तळटीपेत? ओपीडी चालवणाऱ्याला दुसराच उपयोगी.

आकडेमोड

वाचकाला दोन्ही दिसणार आहेत. कुठला वर, यावर आपलं एकमत होणार नाही असं दिसतं. गाइडांना ठरवू द्या. दोन्ही छापा आणि क्रम का तसा ठेवला ते सांगा, एवढं तरी मान्य व्हावं.

आता 56 नकारांकडे या. "प्रतिसाद न देणाऱ्यांमुळे पूर्वग्रह येऊ शकतो" असं लिहू नका, सरळ गणित करा. त्या सगळ्या अ‍ॅनिमिक धरल्या तर 263 भागिले 440, म्हणजे 59.8 टक्के. एकही नाही असं धरलं तर 207 भागिले 440, 47 टक्के. यापलीकडे तुमच्याच 440 जणींचं खरं प्रमाण जाऊ शकत नाही. वाचकाच्या मनातली भीती 47 ते 60 मध्ये बंद झाली. दोन ओळींचं काम आहे.

तिसरं_वर्ष

त्या 56 पैकी 31 जणींच्या कार्डावर आधीचं एचबी होतं. 16 जणींचं 11 च्या खाली.

आकडेमोड

31 पैकी 16, निम्म्याच्या आसपास, म्हणजे तपासलेल्यांसारख्याच. घाला. फक्त कार्डावरचं एचबी वेगळ्या दिवशी, कदाचित वेगळ्या पद्धतीने मोजलेलं आहे, एवढा इशारा सोबत ठेवा.

पॉवरहाऊस

मीटरचं काय? तेही लिहायला हवं ना, की अंगावर घेतल्यासारखं होईल?

रानवारा

लिहायलाच हवं. बोट जोरात पिळलं की थेंबात पेशींभोवतीचं पाणी मिसळतं आणि एचबी कमी दिसतं. पहिला थेंब पुसला का, बोट पिळलं का, हे पद्धतीत लिहिलेलं असेल तर मर्यादेत एक वाक्य पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेची 2024 ची शिफारस शिरेतल्या रक्ताची आणि ऑटोमेटेड यंत्राची आहे, त्यामुळे रिव्ह्यूअर हे विचारणारच. परिणाम मात्र वेगळा करून सांगा. मीटर सगळ्यांचंच कमी दाखवत असेल तर 53.9 हा आकडा फुगलेला असू शकतो, पण दोन गटांतल्या फरकाला त्याचा फार धक्का लागत नाही, कारण दोन्ही गट एकाच मीटरवर मोजलेत.

आणि 2024 च्या त्याच दस्तऐवजात दुसऱ्या तिमाहीसाठी सीमा 10.5 आहे, पहिल्या-तिसऱ्यासाठी 11. तुम्ही सगळ्यांना 11 लावलीत.

तिसरं_वर्ष

ही मर्यादा म्हणून लिहू?

निशिगंध

नको. डेटा तुमच्या हातात आहे, पाच मिनिटांत नव्या सीमेने मोजता येतं. जे दुरुस्त करता येतं ते मर्यादेत लिहिणं म्हणजे आळस कबूल करणं. दुसऱ्या तिमाहीत किती होत्या?

तिसरं_वर्ष

150. त्यातल्या 18 जणींचं एचबी 10.5 ते 10.9. त्या वगळल्या तर 189 भागिले 384, 49.2 टक्के.

निशिगंध

झालं. निकालात एक ओळ: जुन्या सीमेने 53.9, नव्या सीमेने 49.2. एनएफएचएसशी तुलना 53.9 ने करा, कारण त्यांची सीमाही 11 होती.

गुरुजी_लातूरकर

मग 'एकाच केंद्रात झाला' हे तरी ठेवायचं ना?

रानवारा

ठेवा, पण कुठलं केंद्र ते सांगा. मोठ्या रुग्णालयात खालून रेफर झालेल्या बायका येतात, आणि रेफर होण्याचं एक कारण अ‍ॅनिमियाच असतं. म्हणून 53.9 टक्के गावपातळीपेक्षा जास्त असण्याची शक्यता आहे. डेटा महिन्याच्या 9 तारखेला, गरोदर स्त्रियांच्या मोफत तपासणीच्या पीएमएसएमएच्या दिवशी गोळा केला असेल तर तेही सांगा, त्या दिवशीची गर्दी वेगळी असते. आणि पेपरच्या शीर्षकात जिल्ह्याचं नाव असेल तर तिथे 'रुग्णालयात येणाऱ्या' हे शब्द घाला. शीर्षकात जिल्हा आणि मर्यादेत "जिल्ह्याला लागू नाही", हे काही बरं दिसत नाही.

तिसरं_वर्ष

शीर्षकात जिल्हाच आहे, बदलते. 9 तारखेचे दिवस टाळले होते, तेही लिहिते. नवीन मसुदा बघा:

"रेफर होऊन आलेल्या स्त्रियांचा समावेश असल्याने येथील प्रमाण (53.9%) गावपातळीपेक्षा जास्त असू शकते, ते या ओपीडीपुरतेच वाचावे. 56 स्त्रियांनी रक्त देण्यास नकार दिला. त्या सर्व अ‍ॅनिमिक किंवा सर्व निरोगी धरल्यास प्रमाण 59.8% किंवा 47.0% येते. त्यांपैकी कार्डावर एचबी असलेल्या 31 जणींत 16 जणींचे एचबी 11 पेक्षा कमी होते, मात्र ती मोजणी वेगळ्या दिवशीची आहे. गोळ्यांची माहिती एचबी मोजण्याआधी तोंडी घेतली, रिकाम्या पट्ट्या मोजल्या नाहीत. पूर्वी एचबी कमी निघालेल्या स्त्रियांनी सेवन वाढवून सांगितले असल्यास गटांतील फरक प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. अ‍ॅनिमिया आढळल्यावर मात्रा दुप्पट होत असल्याने सेवन हे अ‍ॅनिमियाचा परिणामही असू शकते; दोन गोळ्यांवरील 90 स्त्रिया वगळून नंतर केलेल्या विश्लेषणात फरक टिकून राहिला (36% व 56%). केशिकांमधील रक्तामुळे एकूण प्रमाण फुगलेले असू शकते, गटांतील फरकावर त्याचा परिणाम कमी अपेक्षित आहे. विशीखालील स्त्रिया फक्त 22 असल्याने त्यांचे प्रमाण ठरवता येत नाही."

आकडेमोड

चांगलं झालंय. दोन सूचना. पहिली, क्रम. मुख्य दावा गोळ्या आणि अ‍ॅनिमियाच्या संबंधाचा आहे, तर दुप्पट मात्रेचं वाक्य सगळ्यात वर आणा. सगळ्यात जड मर्यादा मधल्या गर्दीत ठेवली की लपवल्यासारखी वाटते. दुसरी, आता निष्कर्षाचा परिच्छेद शेजारी ठेवून वाचा. तिथे अजून "नियमित सेवनामुळे अ‍ॅनिमिया कमी होतो" असं असेल तर 'मुळे' काढा. "नियमित सेवन करणाऱ्यांमध्ये प्रमाण कमी आढळलं" एवढंच हा डेटा बोलतो. सारांशातही तेच बदला, बरेच जण तिथलं विसरतात.

तिसरं_वर्ष

निष्कर्षात दोनदा 'मुळे' निघाला, सारांशात एकदा. "बहुकेंद्री अभ्यासांची गरज" काढू का?

निशिगंध

काढा, किंवा नेमकं सांगा. तुमची मोठी गाठ गोळी आधी की अ‍ॅनिमिया आधी ही आहे. ती दहा केंद्रं घेतली तरी सुटणार नाही. 14 आठवड्यांना एचबी मोजून त्याच बायकांच्या मागे प्रसूतीपर्यंत जावं लागेल, दर भेटीला रिकाम्या पट्ट्या मोजत.

पॉवरहाऊस

आणि 'स्ट्रेंग्थ्स' लिहायच्या की नाही? काही जर्नल्स मागतात.

रानवारा

मागत असतील तर लिहा. विचारणं एचबीच्या आधी झालं, 9 तारीख टाळली, हे दोन पुरे. "या विषयावरील या भागातील पहिलाच अभ्यास" असलं काही नको.

तिसरं_वर्ष

नेमकं तेच वाक्य होतं. काढलं. गाइडांना उद्या दाखवते. 384 वर की 294, ते काय म्हणतात ते इथे कळवेन.